चार बरोबर, पाचवं चूक: 2x − 3y < 6 ची कोणती बाजू रंगवायची?

अकरावीच्या एका विद्यार्थिनीची वही तपासत होतो. दोन चलांतील रेषीय असमानतांचे आलेख काढायचे होते, एकूण सात उदाहरणं. पहिली चार अगदी बरोबर, पाचवं चूक, सहावं अर्ध्यावर सोडलेलं आणि सातवं कोरं. पहिली चार अशी होती: y ≤ 2x + 1, y > −x + 3, x + y < 5 आणि 3x + 2y ≥ 6. पाचवं होतं 2x − 3y < 6.

पाचव्यात तिचं बरंच काही बरोबर होतं. आधी तिने < च्या जागी = लिहून सीमारेषा काढली होती. x = 0 घेतल्यावर y = −2, y = 0 घेतल्यावर x = 3, म्हणजे (0, −2) आणि (3, 0) हे दोन बिंदू. रेषा पट्टीने नीट ओढलेली, आणि चिन्हात 'बरोबर'चा भाग नाही म्हणून ती तुटक. रेषेवरचे बिंदू उकलीत येत नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. मग पेन्सिलीच्या तिरक्या रेघा मारून तिने बाजू छायांकित केली होती, रेषेच्या खालची. बरोबर बाजू वरची आहे.

उत्तर चुकलं म्हणून फुली मारून पुढे जाता आलं असतं. पण चार बरोबर आल्यावर पाचव्यात नेमकी उलटी बाजू येते, तेव्हा तो सहसा निष्काळजीपणा नसतो. मुलाच्या मनात काही तरी नियम असतो, आणि तो नियम इमानदारीने पाळल्यामुळेच उत्तर चुकतं. म्हणून तिला बोलावून विचारलं, "ही बाजू कशी ठरवलीस?"

"सर, 'पेक्षा लहान' आहे ना, म्हणून खालची. 'पेक्षा मोठा' असतं तर वरची."

"आणि खात्री केलीस?"

"हो सर, दोन वेळा केली." तिने पान उलटून मागे केलेलं कच्चं काम दाखवलं.

```
2x − 3y < 6
−3y < −2x + 6
y < (2/3)x − 2

(0, 0) ठेवून:  0 < −2   असत्य
```

"y एकटा केला तरी 'लहान'च येतं, म्हणजे खालची बाजू. मग आरंभबिंदू ठेवून बघितला. तो असत्य आला, म्हणजे आरंभबिंदूची बाजू नाही. आरंभबिंदू रेषेच्या वर आहे, म्हणून खालची. तिन्ही जुळलं."

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. तिने आळस केला नव्हता. एकच उत्तर तीन वाटांनी पडताळलं होतं आणि तिन्ही वाटांनी तेच चुकीचं उत्तर आलं होतं. तिला त्याबद्दल शंका यायचं काही कारणच नव्हतं.

कच्च्या कामाची दुसरी ओळ बरोबर आहे. तिसऱ्या ओळीत दोन्ही बाजूंना −3 ने भागलं आहे, पण चिन्ह उलटं केलेलं नाही. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की असमानतेचं चिन्ह फिरतं. ते फिरवलं असतं तर y > (2/3)x − 2 मिळालं असतं, म्हणजे वरची बाजू. आणि तिसरी पडताळणी, ती आरंभबिंदूची, तिने केली ती या आधीच बिघडलेल्या ओळीत. मूळ असमानतेत (0, 0) ठेवला असता तर 2·0 − 3·0 = 0, आणि 0 < 6 हे सत्य आहे. चाचणीचा बिंदू उत्तम निवडला होता, फक्त तो चुकीच्या ओळीत ठेवला. चुकलेल्या ओळीत बिंदू ठेवला की चाचणी त्या चुकीलाच होकार देते. त्यामुळे चाचणी नेहमी प्रश्नात दिलेल्या मूळ असमानतेतच करायची. आपण मांडणी कितीही बदललेली असो, बिंदू ठेवायला मागे पहिल्या ओळीकडे यायचं.

एवढं सांगून थांबलो असतो तर तिच्या हाती आणखी एक नियम आला असता, आणि 'लहान म्हणजे खाली' हा जुना नियम तसाच राहिला असता. तो मोडायला हवा होता, आणि तो का मोडतो हे तिला स्वतः दिसायला हवं होतं. म्हणून आलेखाच्या कागदावर तिला (3, 0) या बिंदूवर बोट ठेवायला सांगितलं. हा बिंदू रेषेवरच आहे, तिथे 2x − 3y ची किंमत बरोबर 6 आहे. आता बोट सरळ खाली न्यायचं, डावीउजवीकडे अजिबात नाही, आणि प्रत्येक घरावर 2x − 3y किती होतं ते लिहायचं.

```
(3,  2)   6 − 6 = 0
(3,  1)   6 − 3 = 3
(3,  0)   6 − 0 = 6     ← रेषा
(3, −1)   6 + 3 = 9
(3, −2)   6 + 6 = 12
```

खालच्या दोन ओळी तिने आधी लिहिल्या. (3, −1) ला 9 आल्यावर ती थांबली, पुन्हा हिशोब केला, पुन्हा 9 च आले. "खाली गेल्यावर वाढतंय," ती म्हणाली. मग वरच्या दोन ओळी तिने न सांगता भरल्या. बोट एक घर खाली गेलं की किंमत 3 ने वाढते, एक घर वर गेलं की 3 ने कमी होते. आपल्याला 6 पेक्षा लहान किंमती हव्यात, आणि त्या वर आहेत. तिने ज्या भागात रेघा मारल्या होत्या तिथला (3, −1) बिंदू घेतला तर 9 < 6 म्हणावं लागतं, जे खोटं आहे.

इथे 'लहान' या शब्दाचा अर्थ नीट पाहायला हवा. 2x − 3y < 6 मध्ये लहान असायला हवी ती 2x − 3y ही अख्खी राशी. y लहान असावा असं कोणीच म्हटलेलं नाही. y पुढे ऋण सहगुणक असल्यामुळे y वाढला की ही राशी घटते. y < (काहीतरी) अशी मांडणी असेल तेव्हा मात्र लहान असायला हवा तो y स्वतः, आणि y म्हणजे उंची, म्हणून तिथे 'लहान म्हणजे खाली' हे शंभर टक्के खरं आहे. नियम खोटा नाही, त्याला एक अट आहे: y पुढचा सहगुणक धन हवा. तिच्या पहिल्या चार उदाहरणांत तो धनच होता. y ≤ 2x + 1 आणि y > −x + 3 मध्ये y एकटाच, x + y < 5 मध्ये 1, 3x + 2y ≥ 6 मध्ये 2. चारही वेळा नियम चालला आणि अट तिच्या नजरेतून निसटून गेली. ती उदाहरणं त्या क्रमाने मीच दिली होती. पुढच्या तुकडीला देताना ऋण सहगुणकाचं उदाहरण दुसऱ्याच क्रमांकावर ठेवलं.

मग तिला बोट आडवं न्यायला सांगितलं. (3, 0) वरून उजवीकडे (4, 0) ला गेलं की किंमत 8, डावीकडे (2, 0) ला आलं की 4. x पुढचा सहगुणक +2 आहे, म्हणून उजवीकडे प्रत्येक घराला 2 ने वाढ. म्हणजे लहान किंमती रेषेच्या डावीकडे आहेत आणि वरही आहेत. ही रेषा डावीकडून उजवीकडे चढत जाते, त्यामुळे तिची डावी बाजू आणि वरची बाजू ही एकच बाजू आहे. दोन्ही हिशोब एकमेकांना दुजोरा देतात, आणि ही पडताळणी खरी आहे, कारण ती दोन वेगळ्या दिशांनी मूळ राशीपर्यंत येते. तिच्या तीन वाटा वेगळ्या दिसत होत्या, पण तशा त्या नव्हत्या. 'लहान म्हणजे खाली' म्हणताना y पुढच्या ऋण चिन्हाकडे दुर्लक्ष झालं होतं. −3 ने भागताना चिन्ह न फिरवणं म्हणजेही त्याच ऋण चिन्हाकडे दुर्लक्ष. आणि चाचणी त्या ओळीतूनच जन्मलेली. एकच चूक तीन ठिकाणी वेगळ्या कपड्यांत उभी होती.

बाजू ठरली. पण तिने एक प्रश्न विचारला, आणि तो मला फार आवडला: "सर, एकाच बिंदूवरून अख्खी बाजू कशी ठरते? बाकीचे बिंदू आपण तपासलेच नाहीत." बरेच विद्यार्थी चाचणी बिंदूची पद्धत वर्षभर वापरतात आणि हा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही.

उत्तरासाठी त्याच कागदावर आणखी तीन रेषा काढल्या. 2x − 3y = 0 ही (0, 0) आणि (3, 2) मधून जाते. 2x − 3y = 12 ही (6, 0) आणि (0, −4) मधून. 2x − 3y = −6 ही (−3, 0) आणि (0, 2) मधून. सगळ्या समांतर. प्रत्येक रेषेवर 2x − 3y ची किंमत सर्वत्र तीच राहते. वर-डावीकडून खाली-उजवीकडे येताना रेषांवरच्या किंमती −6, 0, 6, 12 अशा वाढत जातात. मधल्या जागेतही अशाच रेषा कल्पिता येतात, 3 ची, 5 ची, 5.9 ची. अख्खं प्रतल या समांतर रेषांनी भरलेलं आहे आणि प्रतलातला प्रत्येक बिंदू त्यांच्यापैकी नेमक्या एका रेषेवर बसतो. 6 ची रेषा ही आपली सीमा. तिच्या एका बाजूला फक्त 6 पेक्षा लहान किंमतींच्या रेषा आहेत, दुसऱ्या बाजूला फक्त मोठ्या.

हेच दुसऱ्या तऱ्हेने सांगता येतं. समजा सीमेच्या एकाच बाजूला एक बिंदू असा आहे जिथे किंमत 6 पेक्षा लहान, आणि दुसरा असा जिथे ती मोठी. दोघांना जोडणाऱ्या रेषाखंडावरून चालत गेलं तर किंमत उडी न घेता हळूहळू बदलते, मग वाटेत कुठे तरी ती बरोबर 6 व्हावीच लागेल. पण जिथे 6 होते ते सगळे बिंदू सीमारेषेवर आहेत, आणि आपण तर सीमा ओलांडलीच नाही. म्हणून असे दोन बिंदू एका बाजूला असूच शकत नाहीत. एका अर्धप्रतलातला एक बिंदू खरा ठरला की त्यातले सगळे खरे.

या पद्धतीची मर्यादाही इथेच कळते. एक बिंदू पुरतो, कारण सरळ रेषा प्रतलाचे दोनच भाग करते. (x − y)(x + y) > 0 सारखी असमानता आली तर तिची सीमा म्हणजे दोन छेदणाऱ्या रेषा, आणि प्रतलाचे चार भाग होतात. तिथे प्रत्येक भागातून एक बिंदू तपासावा लागतो.

आता सहावं उदाहरण: x − 2y ≥ 0. इथे तिने (0, 0) ठेवून 0 ≥ 0, सत्य, असं लिहिलं होतं आणि तिथेच थांबली होती. ≥ असल्यामुळे रेषा सलग काढली होती, तेही बरोबर. पण आरंभबिंदू खरा म्हणजे आरंभबिंदूची बाजू रंगवायची, आणि आरंभबिंदू तर रेषेवरच. कोणती बाजू त्याची? तिने अंदाज न करता जागा मोकळी सोडली, हे मला चांगलं वाटलं. जी रेषा आरंभबिंदूतून जाते तिच्या बाबतीत तो बिंदू बाजू सांगू शकत नाही. रेषा आरंभबिंदूतून जाते की नाही हे काढायच्या आधीच दिसतं: सगळी x, y ची पदं एका बाजूला घेतल्यावर स्थिरपद शून्य उरलं की ती तिथूनच जाणार.

तिला दुसरा बिंदू निवडायला सांगितल्यावर तिने (3, 1) घेतला. 3 − 2 = 1, आणि 1 ≥ 0 सत्य. उत्तर बरोबर, पण मग हा बिंदू आपल्या आलेखात रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे तिला ठामपणे सांगता येईना. रेषा (2, 1) आणि (4, 2) मधून जाते, (3, 1) तिच्या अगदी कुशीत आहे. पेन्सिलीचं टोक जरा जाड असलं, पट्टी केसभर हलली, की तो रेषेवरच दिसतो. चाचणीचा बिंदू असा घ्यायचा की तो कोणत्या बाजूला आहे हे डोळ्यांना निःसंशय दिसेल आणि हिशोबही सोपा होईल. अक्षावरचा, रेषेपासून लांबचा बिंदू दोन्ही देतो. इथे (4, 0): 4 ≥ 0, सत्य, आणि तो स्पष्टपणे रेषेच्या खाली-उजवीकडे आहे. तीच बाजू रंगवायची, रेषेसकट. समोरच्या बाजूचा (0, 3) घेतला तर −6 ≥ 0, असत्य. एक खरा आणि एक खोटा असे दोन्ही बाजूंचे बिंदू तपासायला अर्धं मिनिट लागतं. मी तो अर्धा मिनिट नेहमी खर्च करायला सांगतो, कारण दोन्ही बाजू खऱ्या किंवा दोन्ही खोट्या आल्या तर रेषाच चुकीची काढली आहे किंवा बिंदू ठेवताना हिशोब चुकला आहे, हे लगेच कळतं.

सातवं x > −2 होतं. ते कोरं राहण्याचं कारण तिने एका वाक्यात सांगितलं: "उभ्या रेषेला वर-खाली नाहीच ना." खरंच नाही. जुन्या नियमाला इथे काही म्हणायलाच जागा नव्हती. (0, 0) ठेवला, 0 > −2 सत्य, आरंभबिंदू रेषेच्या उजवीकडे, तर उजवी बाजू रंगवायची आणि रेषा तुटक.

वहीत दिसलेली आणखी एक गोष्ट. −3 ने भागणं टाळायचं असेल तर ऋण पद दुसऱ्या बाजूला नेता येतं:

```
2x − 3y < 6
2x − 6 < 3y
(2/3)x − 2 < y
```

इथे चिन्ह फिरवायची वेळच येत नाही, म्हणून मला ही मांडणी आवडते. पण तिचाही एक सापळा आहे. शेवटच्या ओळीत < दिसतं आणि घाईत असलेला विद्यार्थी पुन्हा खालची बाजू रंगवतो. y उजवीकडे आहे, म्हणून ती ओळ 'y मोठा' अशी वाचायची. शक्य असेल तर y डावीकडे आणून y > (2/3)x − 2 असं पुन्हा लिहून घ्यायचं. मुद्दाम चार शब्द जास्त लिहावे लागले तरी चालतील.

काही पुस्तकांत नको असलेली बाजू छायांकित करून उकलीची बाजू कोरी ठेवतात. अनेक असमानतांचा सामाईक भाग शोधताना ते सोयीचं पडतं, कारण शेवटी हवा तो भाग स्वच्छ उरतो. पण मग पानाच्या कोपऱ्यात तसं लिहायलाच हवं, नाही तर बरोबर आलेख तपासणाऱ्याला चूक वाटतो. आमच्या वर्गात आम्ही उकलीचीच बाजू रंगवतो.

उठायच्या आधी तिला एक नवं उदाहरण दिलं: −3x − 4y > 12. जुन्या नियमाने 'मोठा म्हणजे वर' गेलं असतं. तिने (−4, 0) आणि (0, −3) मधून तुटक रेषा काढली. मूळ असमानतेत (0, 0) ठेवला: 0 > 12, असत्य. आरंभबिंदू रेषेच्या वर-उजवीकडे, म्हणून समोरची, खाली-डावीकडची बाजू. लगेच रेघा मारल्या नाहीत. त्या बाजूतला (−4, −3) घेतला, 12 + 12 = 24, आणि 24 > 12 सत्य. मग बोट (0, −3) वर ठेवून एक घर खाली नेलं, (0, −4) ला 16 आले. "वर गेलं की चार-चारने कमी होतंय," असं स्वतःशीच म्हणत तिने पेन्सिल तिरकी धरली आणि खालची बाजू भरायला घेतली.